मंदीच्या रकान्यातलं शून्य

आमच्या ऑफिसात मंदी हा शब्द काढायला बंदी होती. हसू नका, खरं सांगते. जालन्यात मोंढ्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाली मोटारपंपांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर आमचं शेअर खरेदी-विक्रीचं ऑफिस. भिंतीवर दिवसभर हिरवे-लाल आकडे पळताहेत, आणि तिथं मंदी म्हणायचं नाही! मालक म्हणायचे, ‘सुस्ती म्हणा, मॅडम. लक्ष्मीच्या जागेवर असले शब्द काढू न्हाई.’ संध्याकाळी ऑफिस बंद करायचं नाही, वाढवायचं. समईतलं तेल संपलं म्हणायचं नाही. आणि कुठल्याही गिऱ्हाइकाच्या हातात जाणाऱ्या कागदावर आकड्याच्या आधी उणे चिन्ह लिहायचं नाही.

ही सवय त्यांना आडतीवरून लागलेली. घनसावंगीकडचं चांगलं जमीनदार घराणं. पण शेतीत मन रमेना म्हणून तरुणपणी ते कापसाच्या आडतीवर जाऊन बसले. तिथले जुने लोक तोटा झाला तरी तोंडानं तोटा म्हणत नसत, कागदावर त्या जागी एक टिंब देऊन पुढं जात. पण ते टिंब कशाचं, हे आडतीवर प्रत्येकाला ठाऊक असायचं. मालकांनी सवय तेवढी उचलली आणि शेअरच्या धंद्यात आणली. इथं ज्याच्या हातात कागद जाणार त्याला काही म्हणता काही ठाऊक नसायचं.

मी तिथं आकडेमोडीला होते. कुंभार पिंपळगावची मुलगी, एम.कॉम. केलेली, वित्त विषय घेऊन, आणि त्याचा मला भलताच अभिमान. ऑफिसात बाकीचे लोक फोनवर सौदे लावायचे, मी कोपऱ्यात बसून दर सोमवारी एका शेअरचा एकपानी कागद करायची. ही कल्पना माझीच होती. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, ‘किती सुटतील?’ त्याला एकच आकडा पाहिजे असायचा. मी म्हटलं, एक आकडा कुणालाच सांगता येत नाही, तीन सांगू. बाजार तेजीत असला तर हा शेअर वर्षात किती देईल, साधारण वर्ष गेलं तर किती, आणि मंदी आली तर किती. प्रत्येकाच्या पुढं ती वेळ येण्याची शक्यता. मालकांना कल्पना आवडली. म्हणाले, ‘बराबर आहे, लोकांना कागद लागतो. कागद दिसला की माणूस बसतो.’

त्यांना माणूस बसायला हवा होता, मला तो नीट विचार करून उठायला हवा होता. एवढा फरक तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवा होता, पण चौदाशे रुपयांची पगारवाढ मिळाली आणि मी खूश.

आता आत्याचं सांगते. माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि हिला सोडलं. ही रडत बसली नाही, नर्सिंग शिकली आणि शहागडकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात लागली. उभी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये काढली. गळकं छत, समोर हायवे, रात्रंदिवस ट्रक. दिवाळीला भावाकडं यायची, चार दिवसांत परत. आई तिला राहा म्हणायची, पण कसं म्हणायची ते मला कळायचं आणि आत्यालाही कळायचं. रिटायर झाली तशी क्वार्टरची किल्ली दुसऱ्या नर्सच्या हातात देऊन ती सामानासकट जालन्याला माझ्या भाड्याच्या एका खोलीत आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘तुझ्यावर भार न्हाई टाकायची. मला माझं दार पाहिजे. माझ्या हातानं लावलेलं, माझ्या हातानं उघडलेलं.’

अंबड रोडला एक इमारत होत होती. दोन खोल्या, छोटी गॅलरी. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मिळून तेवढी किंमत बसत होती. निम्मे पैसे बुकिंगला दिले, उरलेले निम्मे ताबा घेताना, म्हणजे साधारण वर्षानं द्यायचे. दर रविवारी आम्ही दोघी रिक्षानं जाऊन तो सांगाडा बघून यायचो. खिडक्या बसल्या नव्हत्या तेव्हापासून तिनं पलंग कुठं आणि देव कुठं हे ठरवून टाकलं होतं. गवंड्यांना चहा पाजायची बया. म्हणायची, ‘भिंती चांगल्या घेऊन राह्यलेत पोरं.’

ते उरलेले निम्मे पैसे बँकेत पडून होते. माझं मत सरळ होतं: आहेत तिथंच मुदत ठेवीत ठेव. वर्षानं ज्या पैशाचं काम ठरलेलं आहे तो पैसा एका शेअरात घालायचा नसतो. तिनं मान डोलावली. विषय संपला, असं मला वाटलं.

पण तिचं शेअरचं खातं मात्र आमच्या ऑफिसात उघडलेलं होतं. प्रत्येक नोकरदारानं घरची माणसं आणायची, असा आमच्याकडचा दंडक. मालक गोड बोलायचे, पण महिनाअखेरीला कोणी किती खाती आणली ते विचारायचेच. मी आईचं आणलं, भावाचं आणलं, आत्याचं आणलं. खातं उघडलं की मोबाइलवर ऑफिसच्या ग्रुपात नाव जातं, आणि दर सोमवारी माझा कागद त्या ग्रुपात येतो.

त्या सोमवारचा शेअर होता ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा. कंपनी लांबची, पण धंदा आपल्या ओळखीचा. पाऊस चांगला, बाजारात पैसा, तर ट्रॅक्टर खपतात आणि सुटे भागही. नाहीतर लोक जुनंच ठोकून ठोकून चालवतात. मी मागची वर्षं चाळली आणि अंदाज बांधला. तेजी आली तर वर्षात तीस टक्के, साधारण वर्ष असेल तर चौदा टक्के, मंदी आली तर उणे दहा. शक्यता मी अशा धरल्या: दहात दोनदा तेजी, दहात पाचदा साधारण, दहात तीनदा मंदी.

आता आकडे सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलंय. प्रत्येक परतावा त्याच्या शक्यतेनं गुणायचा. तिसाचे दोन दशांश सहा. चौदाचे निम्मे सात. उणे दहाचे तीन दशांश उणे तीन. बेरीज दहा. हा अपेक्षित परतावा, दहा टक्के. गिऱ्हाईक इथंच थांबतं आणि म्हणतं, म्हणजे दहा टक्के मिळणार! डोंबल मिळणार. तीन रकाने बघा की: तीस, चौदा, उणे दहा. दहा टक्के त्यातल्या कुठल्याच वर्षी मिळत नाहीत. शेकडो वर्षं जगलात आणि दरवर्षी हाच खेळ खेळलात तर सरासरी दहाच्या आसपास येईल. आत्या साठीची होती आणि तिच्याकडं एकच वर्ष होतं.

म्हणून पुढचं गणित लागतं. प्रत्येक परतावा त्या दहापासून किती लांब आहे? तेजीत वीस वर, साधारण वर्षी चार वर, मंदीत वीस खाली. हे अंतर तसंच शक्यतेनं गुणून मिळवलं तर बेरीज शून्य येते. चार अधिक दोन, वजा सहा. कायमच शून्य येते, वर-खाली एकमेकाला खाऊन टाकतात. त्यामुळं आधी वर्ग करायचा: चारशे, सोळा, चारशे. मग शक्यतेनं गुणायचं: ऐंशी, आठ, एकशेवीस. बेरीज दोनशे आठ. याला व्हेरियन्स म्हणतात. त्याचं वर्गमूळ चौदा पूर्णांक बेचाळीस, म्हणजे परतावा दहाच्या आजूबाजूला साधारण एवढा हेलकावतो. आणि शेवटी त्या हेलकाव्याला अपेक्षित परताव्यानं भागायचं. चौदा पूर्णांक बेचाळीस भागिले दहा, एक पूर्णांक चव्वेचाळीस. आम्ही त्याला ऑफिसात सीव्ही म्हणायचो, कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन. एक टक्का कमाईच्या आशेमागं जवळजवळ दीड टक्का हेलकावा गळ्यात घ्यायचा, असा त्याचा साधा अर्थ.

आमचा नियमही मीच करून ठेवलेला. सीव्ही एकाच्या आत असेल तर कागदावर हिरवा ठिपका, वर असेल तर लाल. शास्त्रात असली काही लक्ष्मणरेषा नाही, लोकांना पटकन कळावं म्हणून मी ओढलेली होती. ट्रॅक्टरच्या कंपनीला मी लाल ठिपका दिला, कागद मालकांच्या टेबलावर ठेवला आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजा टाकून संभाजीनगरला गेले.

परत आले तर आत्यानं जेवायला पुरणपोळी केलेली. म्हटलं, आज काय? तर म्हणाली, ‘तुझ्या कागदावरचा शेअर घेतला मी. सगळे पैसे टाकले. आता गॅलरीला जाळी बसवायचा खर्चा त्याच्यातूनच निघंल बघ.’

मी घास ताटात परत ठेवला. ‘कुठला शेअर? मी तर लाल ठिपका दिल्ता!’

‘लाल कुठं? हिरवा आहे की. हे बघ.’ तिनं मोबाइल पुढं केला. चष्मा लावून, बोटानं मोठं करून मला दाखवलं. आमच्याच ऑफिसचा कागद. खाली बारीक अक्षरात ‘ही माहिती आहे, सल्ला नाही.’ त्याच्या वर ठळक अक्षरात ‘आकडेमोड’ आणि पुढं माझं नाव. हिरवा ठिपका. आणि मंदीच्या रकान्यात, जिथं मी उणे दहा लिहिलं होतं, तिथं शून्य. रकान्याचं नावही मंदी नव्हतं, सुस्ती होतं.

मी जेवण टाकून तिथंच मोबाइलवर आकडे मारले. सहा अधिक सात अधिक शून्य, तेरा. दहाचा तेरा झाला. अंतरं सतरा, एक, तेरा. वर्ग दोनशे एकोणनव्वद, एक, एकशे एकोणसत्तर. शक्यतेनं गुणून बेरीज एकशे नऊ. दोनशे आठचे एकशे नऊ! वर्गमूळ दहा पूर्णांक चव्वेचाळीस, भागिले तेरा, शून्य पूर्णांक ऐंशी. हेलकावा खाली, कमाई वर, दोन्हीकडून गळा दाबला आणि एक पूर्णांक चव्वेचाळीसचा शेअर एकाच्या आत येऊन बसला. कॉम्प्युटरवरची शीट माझीच होती, सूत्रं माझीच भरलेली. एका चौकोनात शून्य टाकलं की बाकी सगळं आपोआप बदलतं, ठिपक्याचा रंगसुद्धा. मी केवढी हुशार!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं ते चप्पल न काढताच. मालक समईला वात घालत होते. मी म्हटलं, ‘तो आकडा कुणी बदलला?’

‘कोणता, मॅडम?’

‘मंदीचा. उणे दहा होतं.’

त्यांनी आधी शब्द ऐकून कपाळाला आठ्या घातल्या, मग शांतपणे म्हणाले, ‘मीच केलं. सोमवारचा कागद, सकाळी सकाळी लोकांच्या हातात जातो. त्याच्यावर उणे लिहून कसं चालंल? टिंबच देणार होतो, पण मशीन टिंब घेईना. मंग शून्य टाकलं. शून्य म्हणजे काहीच न्हाई. त्यात कामून एवढं?’

‘शून्य म्हणजे काहीच नाही असं नसतं हो! शून्य म्हणजे मुद्दल जसंच्या तसं परत. तुम्ही लोकांना सांगितलंत की सगळ्यात वाईट झालं तरी मुद्दल जात नाही.’

‘मी कुणाला काही सांगितलं न्हाई. खाली लिहिलंय, सल्ला न्हाई म्हणून.’

‘मग वर माझं नाव कशाला?’

‘लोकांचा विश्वास आहे तुमच्यावर,’ ते म्हणाले. त्यांना हे कौतुक वाटलं होतं! मी संतापून ओरडत होते आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरोखर कौतुक होतं. त्यांनी स्वतःही तोच शेअर घेतलेला, पोरीच्या नावानं. मी भांडणार कुणाशी? लुच्चा असता तर कानफटात देऊन मोकळी झाले असते. हा तर देवभोळेपणानं सगळ्यांना खड्ड्यात घालत होता आणि आपणही हसत हसत उतरत होता.

कागद दुरुस्त करून परत पाठवा म्हटलं. नाही म्हणाले. एकदा बाहेर गेलेला कागद माघारी घेणं त्यांच्या लेखी आणखी मोठा अपशकुन. मी स्वतःच ग्रुपात दुरुस्ती टाकली, आकड्यांसकट. दुपारपर्यंत ती काढून टाकली गेली, आणि मला ग्रुपातून. महिन्याभरात मी तिथून बाहेर पडले. माझ्या रागाचा त्या ऑफिसाला काही उपयोग नव्हता आणि मलाही तो पेलवत नव्हता. एका शिकवणी वर्गात बारावीच्या पोरांना शिकवायला लागले.

पण ऑफिस सोडणं सोपं होतं. आत्याला तो शेअर सोडायला लावणं कठीण गेलं. पहिले दोन महिने तो थोडा वर होता. मी म्हणायची, आता विक, मुद्दल सुटतंय, वर पुरणपोळीचा खर्चाही सुटतोय. ती हसायची. ‘अगं, तेरा टक्के सांगितलेत ना? आता कुठं तीन झालेत.’ तेरा हा आकडा तिच्या डोक्यात बसला होता, वर्षाच्या शेवटी कुणीतरी पाकिटात घालून आणून देणार असल्यासारखा.

मी तिला समोर बसवून कागद-पेन्सिल घेऊन सगळं सांगितलं. तीन रकाने, शक्यता, अंतरं, वर्ग. ती मान डोलवत ऐकायची. नर्स होती, मूर्ख नव्हती. शेवटी म्हणाली, ‘बराबर आहे तुझं. पण हे तू आता सांगून राह्यली. कागदावर तूच शून्य लिहिलंय.’

‘मी नाही लिहिलं, आत्या! मालकानं लिहिलं.’

‘नाव तुझं आहे ना?’

दर वेळी गाडी इथंच येऊन अडायची. छापलेलं खरं आणि मी तोंडानं सांगते ते घरातल्या पोरीचं काळजीपोटी बोलणं. आयुष्यभर तिनं डॉक्टरांच्या लिहिलेल्या कागदावर औषधं दिली होती. तोंडी सांगितलेलं ती मानत नसे, तिची शिस्तच तशी. त्या शिस्तीचा मला पुढं पुढं इतका संताप यायचा की मी भांडी आपटायची.

मग पाऊस रुसला. आपल्याकडं तर रुसलाच, पण ट्रॅक्टर जिथं जिथं खपतात तिथंही बाजार बसला. शेअर घसरायला लागला. उणे पाच झाला तेव्हा मी हात जोडले. ती म्हणाली, ‘शून्याला येईलच की परत. सगळ्यात वाईट शून्य, असं आहे ना? आता खाली आहे म्हणजे इथून वरच जाणार.’ उणे दहा झाला. माझा आकडा होता तो. मला वाटलं आता थांबेल, निदान माझं गणित तरी खरं ठरेल. कसलं काय! त्या वर्षानं माझ्या उणे दहालाही विचारलं नाही. उणे सोळा, उणे एकवीस, उणे तीस. माझाही आकडा अंदाजच होता, मालकाच्या शून्यापेक्षा थोडा खरा आणि वर्षापुढं सारखाच दुबळा. आत्या मोबाइल उघडायची, बघायची आणि तो पदराखाली ठेवून द्यायची. रविवारी अंबड रोडला जायचं तिनं बंद केलं. मी विचारलं तर म्हणायची, गुडघे दुखतात.

बिल्डरचा निरोप आला तेव्हा इमारतीला रंगसुद्धा लागला होता. महिन्याभरात उरलेले पैसे भरा आणि ताबा घ्या. आत्यानं शेअर विकायला सांगितले, स्वतःहून. हातात आले ते घातलेल्या पैशांच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. त्या दिवशी तिनं मला विचारलं, ‘हे शून्य कुठं आहे गं मंग?’ मी उठून गॅसवर चहा ठेवला आणि साखर घालायची विसरले.

कमी पडलेले पैसे उभे करायला मी काय नाही केलं! माझ्या बांगड्या मोडायला काढल्या, तर तिनं हातातून ओढून घेतल्या. बँकेत गेलो. रिटायर्ड बाईला या वयात घराचं कर्ज द्यायला ते तयार होईनात. बिल्डरच्या पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं होतं. मुदत मागितली तर तो म्हणाला, आज भाव कुठं गेलेत, मी तुम्हाला जुन्या भावात देऊन राह्यलो हेच खूप समजा. मालकांकडंही गेले, गुंडाळून ठेवला सगळा मान. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. म्हणाले, ‘मॅडम, माझेही अडकलेत. सुस्ती आहे थोडी.’ सुस्ती! अजूनही सुस्तीच! मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवून जिना उतरले.

फ्लॅट एका शिक्षक जोडप्याला गेला. बुकिंगचे पैसे कापून-कुपून परत मिळाले. आत्या भिकेला लागली नाही, पेन्शन आहे, बँकेत थोडं आहे. लोक सांगतात, जाऊ द्या, जीव तर वाचला. पण तेवढ्यात जालन्यात पुन्हा दोन खोल्या होत नव्हत्या. माझ्या खोलीत ती राहिली असती, मी राहा म्हणून भांडलेसुद्धा. पण घरमालकानं भाडं वाढवलं आणि दुसऱ्या माणसाचं वेगळं मागितलं, तेव्हा तिनं पेटी भरली. वडिलांना फोन केला, ‘येते काही दिवस.’ काही दिवस म्हणाली, पण पेटीत हिवाळ्याची शाल होती, उन्हाळ्याची पातळं होती आणि देवही होते.

मी तिला सोडायला गेले. घनसावंगीपर्यंत बस, तिथून पुढं जीप. जीपमध्ये दाटीवाटीनं बसलो, पेटी वर टपावर. एक ओळखीची बाई भेटली, तिच्या सुनेची बाळंतपणं आत्यानंच केलेली. तिनं विचारलं, ‘सिस्टर, घर घेतलं म्हणत होते जालन्यात?’ आत्या म्हणाली, ‘बघून राह्यलो अजून.’ आणि खिडकीबाहेर उसाकडं बघत बसली.

पिंपळगावला उतरलो तर वडील दारातच उभे. म्हणाले, ‘ये, आक्का, तुझंच घर आहे.’ मनापासून म्हणाले, तसा भाऊ वाईट नाही. आईनं पाणी आणून दिलं, चूळ भरली, चहा झाला, भावाची पोरं तिच्या मांडीवर चढली. मग सगळे आपापल्या कामाला लागले. आत्या पेटीपाशी तशीच उभी होती. जिनं रात्री-अपरात्री अख्ख्या उपकेंद्राला हुकूम सोडले, डॉक्टर नसताना अडलेल्या बायका सोडवल्या, जिच्या आवाजाला शिपायापासून सरपंचापर्यंत दचकायचे, ती पदर खांद्यावरून घेऊन माझ्या आईला, आपल्याहून धाकट्या भावजयीला, हळूच विचारत होती, ‘वहिनी, मी कुठं झोपू?’